'कधी तू' सारखं साधं नाव असलेलं पिक्चरचं गाणं शोधायचं कसं

प्रश्न: दादा, एक मराठी पिक्चरचं गाणं शोधायलोय, सुरुवात 'कधी तू' अशी आहे एवढं पक्कं. २०११-१२ ला औरंगाबादला हॉस्टेलवर होतो तेव्हा रूममेटच्या मेमरी कार्डात होतं, पिक्चर काय मी पाहिला नाही. पुरुषाचा आवाज, हळू चालीचं, मधे कुठंतरी 'रिमझिम' येतं. सर्च केलं की कढीच्या रेसिप्या, स्टेटस आणि भलतीच गाणी येतात. इतकं साधं नाव असलं की गाणं शोधायचं कसं?

उत्तर:

गाण्याचं आधी सांगून टाकतो. तुम्ही जे वर्णन केलंय ते 'मुंबई-पुणे-मुंबई' ह्या २०१० च्या पिक्चरमधल्या गाण्याशी जुळतं. ऋषिकेश रानडेंनी गायलंय, संगीत अविनाश-विश्वजीत, शब्द श्रीरंग गोडबोलेंचे, पिक्चर सतीश राजवाडेंचा, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे त्यात आहेत. ऐकून बघा आणि तेच आहे का ते सांगा. आता कसं शोधायचं ते सविस्तर लिहितो, कारण ही अडचण एकट्या तुमची नाही. मी परभणीत ऑर्केस्ट्रावाल्यांना आणि लग्नातल्या डीजेवाल्यांना गाणी, ट्रॅक शोधून देतो, त्याच्या आधी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचं दुकान होतं, आणि लोक सगळ्यात जास्त अडकतात ते अशाच गाण्यांवर. अवघड शब्दाचं गाणं पटकन सापडतं, साध्या शब्दाचं सापडंना होतं.

ते काहून होतं ते आधी बघू. 'कधी तू' हे दोन शब्द मराठीत रोज कुणीतरी कुठंतरी लिहितंच. कधी तू येणार, कधी तू फोन केला, कविता, चारोळ्या, स्टेटस, सगळीकडं ते आहेत. त्यामुळं सर्चला तुमच्या गाण्याचं पान वर आणायला काही कारणच मिळत नाही, त्याच्याकडं लाखभर पानं आहेत ज्यात हे शब्द आहेत आणि त्यातली जी जास्त पाहिली जातात ती तो वर काढतो. त्यात आपण बहुतेकजण इंग्रजी अक्षरात टाइप करतो. Kadhi असं टाइप केलं की कधी आणि कढी दोन्ही एकच झाले, आणि कढी पकोड्याच्या रेसिप्या बघणारे लोक देशभर आहेत, मराठी गाणं शोधणारे त्यांच्यापुढं किती असणार. मग लोक काय करतात, तेच नाव परत परत टाकतात, song लावतात, old song लावतात, full song लावतात. song हा शब्दही लाखो पानांवर आहे, त्यानं गर्दी कमी होत नाही.

तर माझी पहिली गोष्ट ही की अशा गाण्याच्या नावानं शोधायचंच नाही. नाव सगळ्यात शेवटी वापरायचं, सापडलेलं गाणं तेच आहे का हे तपासायला. शोधायचं ते दुसऱ्या कशानं तरी. तुमच्याकडं ते दुसरं होतं, 'रिमझिम'. आता तुम्ही म्हणाल रिमझिम पण साधाच शब्द आहे, पावसाच्या दर दुसऱ्या गाण्यात असतो, आणि नुसता रिमझिम टाकला तर हिंदी गाण्यांचा पूर येतो. खरंय. पण दोन साधे शब्द एकाच पानावर, आणि त्यातला एक अवतरण चिन्हात, असं मागितलं की गर्दी एकदम ओसरते. 'कधी तू' असलेली पानं भरपूर, रिमझिम असलेली पानं भरपूर, पण दोन्ही सोबत असलेली आणि वर गाण्याची, अशी थोडीच. म्हणजे दुर्मिळ शब्द आठवत नसला तरी दुर्मिळ जोडी आपण तयार करू शकतो.

कोणता दुसरा शब्द घ्यायचा हे पण महत्त्वाचं आहे. इतक्या लोकांकडून अर्धवट आठवलेली गाणी ऐकून माझ्या एक लक्षात आलंय, लोकांना यमकाचा शब्द आणि नादाचा शब्द बरोबर आठवतो, रिमझिम, छमछम, झुळझुळ असले, पण क्रियापद आणि मधले जोडशब्द ते हमखास बदलतात. 'झरते' चं 'पडते' होतं, 'तुझ्या' चं 'माझ्या' होतं. म्हणून आठवलेली आख्खी ओळ अवतरण चिन्हात कधीच घालायची नाही, एक शब्द चुकला की सगळं रिकामं येतं आणि माणूस समजतो गाणं नेटवर नाहीच. जेवढं पक्कं आहे तेवढंच अवतरणात, बाकीचं बाहेर मोकळं ठेवायचं. दोन पक्क्या शब्दांच्या मधला एखादा शब्द आठवत नसंल तर त्या जागी गुगलमधे * टाकता येतो.

दुसरी गोष्ट, आणि ही लई जण सोडून देतात, देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं ह्यांची कामं वेगळी आहेत. गाणं ओळखायचं असंल तर देवनागरीत टाइप करा. देवनागरीत कधी वेगळं आणि कढी वेगळी, रेसिप्या एका फटक्यात गेल्या. वर हिंदीत 'कभी' असतं, त्यामुळं हिंदीची गर्दीही बरीच गळते. आणि ज्या लोकांनी मन लावून गाण्याचे शब्द लिहून ठेवलेत त्यांनी ते बहुतेक देवनागरीत लिहिलेत. पण एकदा गाणं ओळखू आलं आणि आता ऑडिओ पाहिजे, तर उलट करायचं, इंग्रजी अक्षरात टाकायचं, कारण कॅसेट कंपन्या यूट्यूबवर आणि गाण्यांच्या ॲपवर नावं बहुतेक इंग्रजी अक्षरात देतात, सोबत पिक्चरचं नाव आणि गायकाचं नाव. ओळख देवनागरीत आणि ऑडिओ इंग्रजी अक्षरात, एवढं जरी पाळलं तरी अर्धं काम होतं.

तुमच्या गाण्यासाठी मी ह्या क्रमानं टाकलं असतं:

```
"कधी तू" रिमझिम गाणं चित्रपट
"कधी तु" रिमझीम lyrics
"Kadhi Tu" Rimjhim Marathi movie lyrics -recipe -pakora
"Kadhi Tu" "Mumbai Pune Mumbai" Hrishikesh Ranade
```

दुसरी ओळ बघा, तिच्यात तू ऱ्हस्व आहे आणि रिमझिम दीर्घ. मोबाईलवर टाइप करणारे निम्मे लोक 'तु' असंच लिहितात आणि अवतरणात घातलं की ऱ्हस्व-दीर्घानं फरक पडू शकतो, म्हणून दोन्ही करून बघायचं, शुद्धलेखन तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं. तिसऱ्या ओळीत वजा चिन्ह आहे, त्याच्या आधी जागा सोडायची आणि नंतर सोडायची नाही, जागा सोडली की ते काम करत नाही. वजा करताना मात्र हात राखून. रेसिपी वजा केली तर काही बिघडत नाही, पण status वजा करू नका असं मी सांगंन, कारण त्या स्टेटसच्या व्हिडिओत खरं गाणंच वाजत असतं आणि खाली कुणीतरी विचारलेलं असतं पिक्चर कोणता, आणि कुणीतरी सांगितलेलंही असतं. ज्या कचऱ्यात आपली वस्तू असू शकते तो कचरा वजा करायचा नाही.

पहिल्या ओळीनं शब्दांचं पान सापडलं की ते कसं ओळखायचं? ह्या गाण्यात ओळीमागून ओळ 'कधी तू' नंच सुरू होते आणि रिमझिम अगदी पहिल्याच ओळीत येतं. म्हणजे पानावर हे दोन शब्द एकाखाली एक रांगेत दिसले की समजायचं जवळ आलो. एखाद्या चारोळीत 'कधी तू' एकदा येऊन जाईल, रांगेत दिसणार नाही.

आता समजा पिक्चरचं नाव कळलं, तरी सुटका नाही. 'मुंबई पुणे मुंबई' टाकून बघा, रेल्वेचं टाइमटेबल, शिवनेरीचं तिकीट, टॅक्सीचे दर येतील. ह्या पिक्चरचं नावच इतकं रोजच्या वापरातलं आहे. वर त्याचे पुढचे दोन भाग आहेत, २०१५ चा आणि २०१८ चा, आणि नवीन भागांची गाणी जास्त वर येतात. म्हणून नाव कळलं की त्याला एकटं सोडायचं नाही, सोबत साल नाहीतर गायकाचं नाव बांधायचं. गायकाचं नाव जास्त चांगलं, कारण साल कुठंही येतं, पण ऋषिकेश रानडे हे नाव टॅक्सीवाल्याच्या पानावर येणार नाही.

आणि समजा दुसरा शब्द आठवतच नाही, नुसतं 'कधी तू' आणि पुरुषाचा आवाज एवढंच. मग सर्च सोडायचा आणि यादीवर जायचं. तुम्ही २०११-१२ ला ऐकलं म्हणालात. ही तारीख एका बाजूनं एकदम पक्की आहे, गाणं त्याच्या नंतरचं असूच शकत नाही. दुसऱ्या बाजूनं मोकळी आहे, ते आधीचं कितीही जुनं असू शकतं, पण हॉस्टेलच्या पोरांच्या मेमरी कार्डात नवंच जास्त असायचं म्हणून मी आधी दोन-तीन वर्षं मागं जाईन. विकिपीडियावर मराठी चित्रपटांच्या वर्षावार याद्या आहेत. २०१२ पासून सुरू करून मागं मागं यायचं, हाणामारीचे, देवाधर्माचे, लहान मुलांचे पिक्चर आधी सोडून द्यायचे, प्रेमकथा घ्यायच्या, आणि दर पिक्चरचं नाव आणि jukebox असं यूट्यूबवर टाकायचं. ज्यूकबॉक्सच्या खाली डिस्क्रिप्शनमधे बऱ्याचदा सगळ्या गाण्यांची नावं मिनिटासकट दिलेली असतात, ऐकायची पण गरज नाही, नुसती नजर फिरवायची. कंटाळवाणं वाटतं पण एका संध्याकाळचं काम आहे, आणि ह्यात गाण्याचं नाव किती साधं आहे ह्यानं काहीच फरक पडत नाही, कारण आठ-दहा गाण्यांच्या यादीत 'कधी तू' एकच असणार.

जुन्या गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' ही साइट आहे, तिथं गायक, गीतकार, संगीतकार असं वेगवेगळं जाता येतं. गायक ओळखू येत असंल तर त्याच्या यादीत जाऊन बघायचं. हिंदीचं असंल तर कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' ह्यांनी केलेला हिंदी फिल्म गीतकोश आहे, दशकावार खंड आहेत आणि पिक्चरवार गाणी दिलीत, मोठ्या लायब्ररीत मिळाला तर सोडू नका.

इथं दुसरं एक गाणं सांगतो, कारण तुमच्या अडचणीचा ह्याहून वंगाळ प्रकार तिथं दिसतो. 'तू तेव्हा तशी'. आंबाजोगाईच्या एका रिटायर मास्तरांना हे पाहिजे होतं, त्यांच्या नातवानं शोधलं तर सगळी मालिका. झी मराठीवर २०२२ ला ह्याच नावाची मालिका आली आणि तिचे एपिसोड, प्रोमो, बातम्या ह्यांनी ते नाव पूर्ण व्यापून टाकलं. खरं गाणं १९८९ च्या 'निवडुंग' पिक्चरमधलं, कविता आरती प्रभूंची, चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि गायलंयही त्यांनीच. इथं शब्द वजा करून भागत नाही, episode वजा केलं की promo येतो, promo वजा केला की कलाकारांच्या मुलाखती. पण एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे, मालिका कधी आली ते माहीत आहे. गुगलला सांगायचं त्याच्या आधीचंच दाखव:

```
"Tu Tevha Tashi" Hridaynath Mangeshkar before:2022-01-01
"तू तेव्हा तशी" आरती प्रभू before:2022-01-01
```

before ही तारीख पानाची किंवा व्हिडिओ चढवल्याची असते, गाण्याची नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. १९८९ चं गाणं म्हणून कुणी before:1990 टाकलं तर काहीच येणार नाही, कारण तेव्हा नेटवर कुणी काही चढवलेलं नव्हतं. आपल्याला फक्त पूर यायच्या आधीचा काळ पाहिजे. पूर कधी आला ते कळलं की तारीख तिथं लावायची, मग तो पूर मालिकेचा असो, नव्या पिक्चरचा असो की रीमिक्सचा. आणि इथं पण पिक्चरच्या नावानं शोधलं तर फसगत आहे, 'निवडुंग' टाकलं की कुंडीतले निवडुंग आणि त्यांना पाणी किती घालायचं ते येतं. कवीचं नाव लावलं की मग सरळ वाट मिळते, कारण आरती प्रभूंची कविता म्हणून ती वेगळी लिहून ठेवलेली सापडते.

आता शेवटचा भाग, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा, सापडलेलं गाणं मूळ आहे का. साध्या नावाच्या लोकप्रिय गाण्याची कव्हर, अनप्लग्ड, कराओके, बासरीवर वाजवलेली अशी ढीगभर रूपं असतात आणि त्यातलं एखादं मूळ गाण्याच्या वर दिसतं. यूट्यूबवर कंपनीनं दिलेल्या ऑडिओच्या डिस्क्रिप्शनमधे वर Provided to YouTube by आणि खाली Auto-generated by YouTube असं लिहिलेलं असतं. असला ऑडिओ कंपनीकडून किंवा वितरकाकडून आलेला असतो, कुणी थेट आपल्या चॅनलवर चढवलेला नसतो. म्हणून गुगलमधे असं टाकता येतं:

```
site:youtube.com "Provided to YouTube by" "Kadhi Tu" Mumbai Pune Mumbai
```

त्यात गाण्याचं नाव, गायक, अल्बम आणि कंपनी एका खाली एक दिसतं. पण तिथंही दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. एक, Released on पुढची तारीख पिक्चरची असेलच असं नाही, कंपनीनं ते गाणं नंतर ऑनलाइन टाकलं किंवा कुठल्या प्रेमगीतांच्या संग्रहात घातलं तर त्या संग्रहाची तारीख येते आणि अल्बमच्या जागी पिक्चरऐवजी संग्रहाचं नाव येतं. तुम्हाला २०१० च्या गाण्यावर २०१७ दिसलं म्हणून ते दुसरं गाणं समजू नका. दोन, गाण्यांच्या ॲपवर कलाकार म्हणून कधी गायकाचं नाव असतं कधी संगीतकाराचं, त्यामुळं 'ऋषिकेश रानडे दिसंना, अविनाश-विश्वजीत दिसायलंय' म्हणून घाबरायचं कारण नाही. कंपनीनं दिलेलं कव्हर पण असंच दिसतं, म्हणून शेवटचा निकाल कानानं आणि पिक्चरमधल्या गाण्याशी ताडून करायचा. गाण्याच्या आधीचा म्युझिकचा तुकडा ऐका, कव्हर करणारे मुखडा तसाच ठेवतात पण सुरुवातीचा तुकडा जवळजवळ कायम बदलतात, गिटारच्या जागी पियानो येतो नाहीतर तुकडा अर्धाच असतो.

तुमच्या रूममेटकडं ते जुनं कार्ड अजून असंल तर एक सोपी तपासणी आहे. त्या काळच्या फुकट डाउनलोडच्या साइट फाइलच्या आतली माहिती पुसून अल्बमच्या जागी आपलंच नाव टाकायच्या, त्यामुळं तिथं पिक्चरचं नाव मिळंल ह्या आशेवर राहू नका. पण फाइल किती मिनिट किती सेकंदाची आहे ते कुणी बदलत नव्हतं. कार्डातली लांबी आणि कंपनीच्या ऑडिओची लांबी दोन-चार सेकंदाच्या फरकानं जुळली तर तेच रेकॉर्डिंग. अर्ध्या-एक मिनिटाचा फरक दिसला तर कार्डातलं पिक्चरमधून कापलेलं असंल, त्यात मधेच संवाद किंवा गाडीचे आवाज येतात, ऐकल्यावर लगेच कळतं. फाइल वाजत असंल तर शझाम लावूनही बघा, ते मूळ रेकॉर्डिंग असलं तर ओळखतं, पण तुम्ही स्वतः गुणगुणून दाखवलं तर त्याला जमत नाही.

ऐकून झालं की मला एवढंच कळवा, तुम्हाला आठवतं ते रिमझिम पहिल्याच ओळीत आहे का, की मधे कडव्यात. तुम्ही 'मधे कुठंतरी' लिहिलंय आणि ह्या गाण्यात ते सुरुवातीलाच आहे. बहुतेक तुमच्या आठवणीत जागा सरकली असंल, पण ऐकल्यावरही हे ते नाही असं वाटलं तर चाल गुणगुणून व्हॉइस नोट पाठवा, शब्द नाही आठवले तरी चालंल. मी आमच्या ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्याला ऐकवतो, २००८ ते २०१२ च्या पिक्चरच्या चाली त्याला तोंडपाठ आहेत.